गाडीत मॅप लावला की चार्जिंगला असूनही फोन का उतरतो?

प्रश्न: गाडीतल्या यूएसबीला फोन लावून पुण्याहून कोल्हापूरला गेलो. मॅप आणि ब्लूटूथवर गाणी चालू होती. चार्जिंगची खूण पूर्ण वेळ दिसत होती, तरी ६० टक्क्यांवर निघालेला फोन पोचेपर्यंत २० वर आला. बॅटरी गेली का? बदलावी लागेल का?

उत्तर: बॅटरी बदलायची घाई करू नका. घरच्या चार्जरवर फोन नेहमीसारखा भरत असेल, तर बहुतेक गडबड गाडीच्या त्या पोर्टची आहे.

चार्जिंगची खूण एवढंच सांगते की वायरीतून काहीतरी येतंय. किती येतंय आणि फोन किती खातोय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्युझिक सिस्टीमचा पोर्ट मुळात पेन ड्राइव्ह लावण्यासाठी दिलेला असतो. यूएसबी २.० च्या साध्या पोर्टातून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे फक्त अडीच वॅट मिळतात. काही गाड्यांत एक किंवा दीड अँपिअर मिळतो, पण त्यावर भरवसा ठेवू नका.

आता तुमचाच प्रवास घ्या. फोनची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-अवरची धरली, तर तिच्यात साधारण १९ वॅट-अवर मावतात. चार तासांत ४० टक्के गेले, म्हणजे तासाला १० टक्के, म्हणजे जवळजवळ दोन वॅटची तूट. पोर्टातून आलेल्या अडीच वॅटपैकी थोडे वाटेत वाया जातात. म्हणजे फोन चारएक वॅट खात होता. भर उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला स्क्रीन, सतत चालणारं जीपीएस आणि घाटात नेटवर्क शोधणारा मोडेम एकत्र आले की चार वॅट सहज होतात. त्यात गाण्यांचा वाटा किरकोळ. म्हणून ‘गाणी बंद करा’ हा सल्ला मी देणार नाही.

खात्री करायची तर Ampere नावाचं ॲप टाका. बॅटरीत प्रत्यक्ष किती करंट जातोय किंवा बाहेर येतोय ते त्यात दिसतं. सगळ्या फोनवर आकडा तंतोतंत नसतो, पण उणे की अधिक एवढं कळलं तरी पुरे. मॅप चालू ठेवून बघा, तुमच्याकडे उणे ५०० मिलिअँपिअरच्या आसपास दिसेल. अँड्रॉइडच्या लॉक स्क्रीनवर Charging slowly असं लिहून आलं, तरी तोच इशारा समजा.

उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये, म्हणजे आपण ज्याला लायटरचं सॉकेट म्हणतो त्यात, चांगला कार चार्जर लावा. त्यावर यूएसबी-सी पोर्ट हवा आणि पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी या फास्ट चार्जिंगच्या पद्धतीचं नाव, लिहिलेलं हवं. एका पोर्टला २० वॅट असले तरी खूप झालं. खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा दोन्ही पोर्ट मिळून असतो, म्हणून एका पोर्टचा आकडा शोधून वाचा. तुमच्या कंपनीचं खास फास्ट चार्जिंग असेल तर ते या चार्जरवर पूर्ण वेगाने चालेलच असं नाही. न चालो, तूट भरून निघायला दहा वॅटही पुरतात.

पण जुनीच वायर लावलीत तर पैसे पाण्यात. बारीक तारेची लांब वायर बराच जोर वाटेतच खाते. फोनपर्यंत व्होल्टेज कमी पोचलं की फोन स्वतःच करंट आखडता घेतो. चार्जर तोच ठेवून नुसती वायर बदला आणि ॲपमधला आकडा बघा, फरक लगेच कळतो. मीटरभर लांबीची, जरा जाड वायर घ्या. चार्जर सॉकेटात हलत नाही ना, तेही बघा. खड्ड्यात गाडी आदळली की चार्जिंग सुरू झाल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो ढिला बसलाय.

एवढं करूनही दुपारी टक्का वाढत नसेल तर फोनच्या पाठीला हात लावा. चटका बसला तर कारण उष्णता. काचेला चिकटवलेल्या स्टँडवर ऊन थेट पडतं, आणि बॅटरी तापली की फोन चार्जिंग मुद्दाम कमी करतो किंवा थांबवतो. तिथे मोठा चार्जर लावून उपयोग नाही. फोन एसीच्या जाळीवरच्या स्टँडवर घ्या आणि जाडजूड कव्हर काढा. वायरलेस चार्जिंगचा स्टँड तर मी गाडीत घेऊच नका म्हणेन, तो स्वतःच फोन तापवतो.

तुमचं काम इथेच होईल, कारण तुम्ही गाणी ब्लूटूथवर ऐकता. पुढेमागे फोनचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं वायरवालं अँड्रॉइड ऑटो वापरलंत तर मात्र अडचण येईल: वायर त्याच अशक्त पोर्टात लावावी लागते, कारण डेटा तिथूनच जातो. अशा वेळी वायरलेस अडॅप्टर मिळतो. तो त्या पोर्टात बसवायचा आणि फोन लायटरच्या चार्जरला. वायरलेसवर फोन थोडा जास्त खातो आणि तापतोही, पण २० वॅटच्या चार्जरपुढे ते चालून जातं.