उठताना मागे पडतात? गुडघ्यांच्या आधी पाठीचा कल बघा

प्रश्न: "सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. चालतात व्यवस्थित, पण सोफ्यावरून उठताना दोन-तीनदा परत मागे बसतात. गुडघ्यांच्या फोटोत वयाच्या मानाने विशेष काही नाही. मांडीचे व्यायाम नियमित चालू आहेत, तरी फरक नाही. आणखी काय करता येईल?"

तुमचं वर्णन वाचून माझे वडीलच डोळ्यांसमोर आले. मी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट नाही. वडिलांचं सगळं करताना जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, त्यातून लिहितोय. गुडघेदुखी, वजन, जीवनसत्त्वं वगैरे तुम्ही तपासलंच असेल, म्हणून ते सोडून देतो.

"परत मागे बसतात" हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. ताकद कमी पडते तेव्हा माणूस अर्धवट उठतो, मांड्या थरथरतात आणि मग खाली येतो. पण बूड जेमतेम सुटतं न सुटतं तोच मागे पडत असतील, तर बहुतेक वेळा वजन पावलांवर आलेलंच नसतं. शरीराच्या वजनाचा जवळपास दोन तृतीयांश भाग कमरेच्या वर असतो. तो पुढे झुकून पावलांच्या वर आला नाही, तर मांड्या कितीही मजबूत असोत, माणूस मागेच जाणार.

आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. एका केंद्रात वडिलांना छापील कागद दिला: झोपून पाय सरळ वर उचला, बसून घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करा. आणि वर ताकीद, "उठताना पाठ ताठ ठेवा, वाकू नका, कंबर जाईल." वडील शिस्तीचे, त्यांनी ते अक्षरशः पाळलं. बरेच महिने गेले आणि उठणं आणखी अवघड झालं. पुन्हा दाखवायला गेलो तर "वय झालं" म्हणून तोच कागद, फक्त वजन वाढवून. ते खुर्चीतून उठतात कसे, हे तिथे एकानेही एकदासुद्धा बघितलं नाही. याचा राग मला अजून आहे. उठता येत नाही म्हणून आलेल्या माणसाला एकदा समोर उठायला सांगण्यात अर्धं मिनिट जातं.

पाठ ताठ ठेवली की काय होतं ते बघा. वजनाची रेषा गुडघ्याच्या बरीच मागे पडते आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. म्हातारपणी नेमके तेच सगळ्यात अशक्त झालेले असतात. तेच धड खुब्यातून पुढे झुकलं की रेषा गुडघ्याच्या जवळ येते, गुडघ्यावरचा भार उतरतो आणि खुबा सरळ करणारे स्नायू, म्हणजे नितंबाचे मोठे स्नायू आणि मांडीचे मागचे स्नायू, कामाला लागतात. झुकल्याने काम नाहीसं होत नाही, ते गुडघ्याकडून खुब्याकडे जातं. म्हणूनच झोपून पाय उचलण्याचा व्यायाम अपुरा पडतो. त्यात मांडीचा पुढचा भाग कष्ट करतो, पण खुबा सरळ करणाऱ्या स्नायूंना जवळजवळ काहीच काम मिळत नाही, आणि झुकून वजन पावलांवर आणण्याचा सराव तर शून्य. वाकायचं ते मात्र खुब्यातून. पाठीला पोक काढून नुसतं डोकं खाली घातलं तर वजन पुढे येत नाही.

झुकण्याला वेगही लागतो. धड पुढे येताना जो जोर मिळतो, तोच बूड उचलायला मदत करतो. पुढे वाकून तिथेच थांबलं तर तो जोर वाया जातो आणि सगळं नुसत्या ताकदीवर करावं लागतं. वयानुसार भराभर आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी झिजतात, त्यामुळे ताकदीपेक्षा झटकन जोर लावण्याची क्षमता लवकर कमी होते. त्यात पुढे तोंडावर पडण्याची भीती. मग माणूस कमी आणि हळू झुकतो. ताकदीची शिल्लकही उरत नाही. तरुण माणूस खुर्चीतून उठताना मांडीच्या कमाल ताकदीच्या निम्म्याहून कमी वापरतो; म्हातारपणी हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेल्याचं मोजलेलं आहे. म्हणून आठवडाभराच्या तापानंतर "अचानक उठता येईना" असं होतं.

आता वडिलांचं उदाहरण. त्यांच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत ४४ सेंमी. सोफा रिकामा असताना ४१ सेंमी, पण ते बसले की गादी दबून ३४. म्हणजे खुबे गुडघ्यांच्या खाली. शिवाय खोल बसायची सवय आणि पाय पुढे पसरलेले, टाचा गुडघ्यांच्या वीतभर पुढे. तितकं अंतर धडाने पुढे यायचं आणि तेही ताठ पाठीने! मग आम्ही क्रम ठरवला: आधी सरकत कडेवर यायचं, टाचा गुडघ्यांच्या चार बोटं मागे घ्यायच्या, पावलं पूर्ण टेकलेली, मग नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत झुकायचं आणि न थांबता उठायचं. सोफ्याच्या गादीखाली घट्ट फळी टाकली. पहिल्याच दिवशी ते हात न टेकता उठले. ताकद एका दिवसात वाढत नाही, त्यामुळे अडचण कुठे होती ते तिथेच कळलं. टाचा मागे घेताना उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे. तिथे जबरदस्ती नको.

त्यानंतर व्यायाम म्हणून तीच हालचाल. खाली घट्ट उश्या ठेवून ज्या उंचीवरून हात न लावता आठ-दहा वेळा उठता येतं आणि शेवटचे दोन जड जातात, तिथून सुरुवात. एक दिवसाआड. खाली बसताना तीन-चार सेकंद घेऊन. धप्पकन बसणं म्हणजे अर्धा व्यायाम सोडणं. सोपं झालं की खालची एक घट्ट उशी कमी करायची. माझ्या मते झोपून केलेल्या व्यायामांपेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. कुणाला हे पटणार नाही, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

सासूबाईंना बाजूने बघा. पावलांची बोटं उचलली जातात का, पोटऱ्या सोफ्याला टेकवून रेटा घेतात का? दोन्ही वजन मागे असल्याच्या खुणा. गुडघे आत वळत असतील तर खुब्याची ताकद कमी असण्याची शक्यता धरा. प्रगती मोजायला ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईंसाठी १० पेक्षा कमी म्हणजे सरासरीखाली. शेजारी कुणीतरी उभं राहायलाच हवं.

खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर खोल झुकण्यावर बंधन असू शकतं, सर्जनला विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांचा कंप किंवा ताठरपणा, अचानक आलेला अशक्तपणा, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर.

हात टेकून उठण्यात कमीपणा मानू देऊ नका. हातांनी खुब्याचा आणि गुडघ्याचा भार बराच हलका होतो. रात्री, थकव्यात आणि शौचालयात हात टेकूनच उठू द्या, व्यायामाच्या वेळी तेवढे हात छातीवर. त्या सोफ्यावर बसलेल्या असताना जमिनीपासून बैठकीची उंची आणि गुडघ्यामागची उंची, दोन्ही मोजून इथे लिहा. फरक किती ते कळलं की कितीची फळी लागेल ते सांगता येईल.