उंबरठा एकच, पण सरकणारा

प्रश्न: डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. श्मिट ट्रिगरच्या ‘अप्पर’ आणि ‘लोअर थ्रेशोल्ड’ला ‘वरचा उंबरठा’ आणि ‘खालचा उंबरठा’ म्हणू का? एका दाराला दोन उंबरठे कधी ऐकले नाहीत. शिवाय ही दोन व्होल्टेजं कशी काढायची, ते नावातूनच कळेल असं काही सुचवाल का?

‘उंबरठा’ जरूर ठेवा. त्याच्यामागून ‘ओलांडणं’ हे क्रियापद आपसूक येतं, आणि इथे नेमकी तीच क्रिया घडते. ‘वरचा’ मात्र नको. ‘वरचा उंबरठा’ म्हटलं की चौकटीची गणेशपट्टी डोळ्यांसमोर येते. मी ‘चढणीचा उंबरठा’ आणि ‘उतरणीचा उंबरठा’ म्हणतो. इनपुट वाढत जाताना जो लागतो तो चढणीचा, कमी होत येताना लागतो तो उतरणीचा. कोणता कधी वापरायचा, हे त्यातच आलं.

तुमची शंका मात्र फार मोलाची आहे, कारण कोणत्याही एका क्षणी या सर्किटमध्ये उंबरठा खरोखर एकच असतो. इनपुट मायनस पिनवर दिलं असेल, तर प्लस पिनवरचं व्होल्टेज हा तो उंबरठा. आउटपुटवरून एक रेझिस्टर प्लस पिनकडे परत आणलेला असतो, तोच पॉझिटिव्ह फीडबॅक. त्यामुळे आउटपुट वर गेलं की उंबरठा थोडा वर सरकतो आणि आउटपुट खाली आलं की थोडा खाली. पुस्तकात दिसणारे दोन आकडे म्हणजे या एकाच उंबरठ्याच्या दोन जागा.

मुंबईतल्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यातला दिवा घेऊ. अंधार पडला की तो आपोआप लागायला हवा. १२ व्होल्टचा सप्लाय आणि लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारी एलएम३५८ ही ऑप-ॲम्पची आयसी. सप्लायकडून मायनस पिनकडे एलडीआर आणि मायनस पिनपासून ग्राउंडला पॉट. अंधार वाढला की एलडीआरचा रेझिस्टन्स वाढतो, मायनस पिनचं व्होल्टेज घसरतं, आउटपुट वर जातं आणि ट्रान्झिस्टर व रिलेमार्फत दिवा लागतो. प्लस पिनला तीन रेझिस्टर: ४७ किलोओहमचा एक सप्लायला, ४७ चाच दुसरा ग्राउंडला आणि ४७० किलोओहमचा आउटपुटला.

आता उंबरठा काढू. आउटपुटचा रेझिस्टर क्षणभर सोडवून ठेवला, तर दोन सारख्या रेझिस्टरांमुळे प्लस पिनवर ६ व्होल्ट येतात, आणि पिनकडून पाहिलं तर ते दोघे मिळून २३.५ किलोओहमचे दिसतात. ४७० चा रेझिस्टर पुन्हा जोडला की तो या ६ व्होल्टना आउटपुटच्या दिशेने ओढतो. किती ओढतो? २३.५ भागिले ४९३.५, म्हणजे एकविसावा हिस्सा.

```
V+ = 6 + (Vout - 6)/21
```

यात आउटपुटची दोन टोकं घालायची, की काम झालं. एलएम३५८ चं आउटपुट सप्लायपर्यंत पोचत नाही, साधारण दीड व्होल्ट आधी थांबतं. म्हणून वरचं टोक १०.५ धरू. खाली ते जवळजवळ शून्यापर्यंत येतं.

```
Vout = 10.5 :  V+ = 6 + 4.5/21 = 6.21 V
Vout = 0    :  V+ = 6 - 6/21   = 5.71 V
```

दिवा लागलेला असताना उंबरठा ६.२१ वर आहे. पहाटे उजेड वाढत जातो आणि इनपुट त्याच्यावर गेलं की दिवा विझतो. म्हणून ६.२१ चढणीचा. दिवा विझताच उंबरठा ५.७१ वर येतो, आणि संध्याकाळी इनपुट त्याच्या खाली उतरेपर्यंत दिवा लागत नाही. जुलैत दुपारी ढग येऊन-जाऊन असतात. त्या वेळी इनपुट काठावर थोडंसं हललं तरी मधल्या अर्ध्या व्होल्टमुळे रिले तडतडत नाही. याच अंतराला हिस्टेरिसिस म्हणतात.

हे दोन आकडे ६ च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर नाहीत. आउटपुट ६ पासून वर साडेचारच जातं आणि खाली पुरतं सहा येतं, म्हणून असं होतं. पुष्कळ मुलं वरचं टोक सरळ १२ धरतात. मग चढणीचा उंबरठा ६.२९ येतो आणि मीटरवर ६.२१ दिसला की ती रेझिस्टरला दोष देतात. म्हणून टिपणात एक वाक्य ठळक लिहा: आधी आउटपुटची दोन्ही टोकं दिव्याचा भार जोडून मोजा, मगच सूत्रात घाला.

दुसरी चूक अधिक खोल आहे. ऑप-ॲम्प दिसला की दोन्ही पिनांची व्होल्टेजं समान मानायची, अशी सवय लागलेली असते. ती समानता निगेटिव्ह फीडबॅक टिकवून धरतो. इथे पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, त्यामुळे ती टिकत नाही. ओलांडण्याच्या क्षणापुरती ती येते आणि लगेच मोडते, कारण आउटपुट हलू लागताच उंबरठा इनपुटपासून दूर पळतो आणि आउटपुटला आणखी पुढे ढकलतो. म्हणून पद्धत अशी सांगा: आउटपुट कुठल्या टोकाला आहे ते आधी गृहीत धरा, त्यावरून प्लस पिनचं व्होल्टेज काढा, आणि इनपुट तिथे पोचलं की आउटपुट उलटलं असं समजा.

प्लस आणि मायनस पिनांची अदलाबदल झाली, तर याच जोडणीचा २१ पट गेनचा साधा ॲम्प्लिफायर होतो. इनपुट त्याच ५.७१ ते ६.२१ मध्ये असताना आउटपुट दोन टोकांच्या मधे कुठेही थांबतं. ओळखणं सोपं आहे. आउटपुटवर मीटर लावून पॉट अगदी हळू फिरवा. आउटपुट उडी न मारता सरकत गेलं, तर पिना उलट्या लागल्या आहेत.

थोडं ‘ट्रिगर’विषयी. ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकाने १९३४ मध्ये, विद्यार्थी असतानाच, हे सर्किट व्हॉल्व वापरून घडवलं. तो स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंमधल्या स्पंदांचा अभ्यास करत होता. मज्जातंतूही ठरावीक पातळी ओलांडल्याशिवाय स्पंद पाठवत नाही. तुमचा ‘उंबरठा’ या सर्किटच्या उगमालाही शोभतो.

शेवटी अर्ध्या व्होल्टची मर्यादा. दिव्याचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडला, तर दिवा लागताच इनपुट वर चढतं. ती चढ अर्ध्या व्होल्टहून मोठी असेल, तर दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो आणि रात्रभर उघडझाप करत राहतो. अशा वेळी संध्याकाळी दिवा हाताने लावून-विझवून मायनस पिनवर किती फरक पडतो ते मोजा. समजा ०.८ व्होल्ट आला. ४७० च्या जागी २२० किलोओहम लावले, तर हिस्सा २३.५ भागिले २४३.५ होतो. उंबरठे ६.४३ आणि ५.४२ वर जातात आणि अंतर एक व्होल्टच्या किंचित वर, म्हणजे पुरेसं. मात्र उतरणीचा उंबरठा खाली गेल्यामुळे दिवा आता थोडा उशिरा लागेल. तेवढं पॉट फिरवून जुळवून घ्यायचं. एलडीआरला आडोसा करता आला तर तो आधी करा, कारण अंतर जितकं वाढवाल तितका सकाळी दिवा उशिरा विझेल.