निरोपातला ‘च’

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. तीन वर्षांपूर्वी हे कुटुंब पुण्याहून तिकडे गेले. मुलगी चार वर्षांची असून किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जाते. पती पूर्ण वेळ नोकरी करतात आणि त्या स्वतः आठवड्याला तीस तास. स्वयंपाक, धुणे, मुलीचा डबा, तिचे कपडे, डॉक्टरांकडच्या वेळा हे सारे हळूहळू त्यांच्याकडे आले आहे. बोलायला गेले की आवाज चढतो, म्हणून पतीला लेखी निरोप पाठवावा असे त्यांच्या मनात आहे. त्यांनी मसुदाही पाठवला आहे:

“रोज सगळं मीच करायचं का? तुला घरातलं काहीच दिसत नाही. पुण्यात निदान मावशी तरी होत्या. कधीतरी स्वतःहून मदत केलीस तर बिघडेल का?”

लिहून पाठवण्याचा विचार योग्य आहे, मात्र हा मसुदा पाठवू नये, असे मी त्यांना सुचवेन. यातली तक्रार खोटी आहे असे नाही. अडचण तिच्या मांडणीत आहे. मराठीत दोषारोप बहुतेक वेळा ‘च’ या एका अक्षरात बसलेला असतो. ‘सगळं मी करते’ ही माहिती झाली, तर ‘सगळं मीच करते’ हा आरोप झाला. ‘काहीच’ वाचल्यावर समोरचा माणूस आपण काय काय केले ते आठवू लागतो, कचरा खाली नेल्याचा आणि गेल्या शनिवारी भांडी घासल्याचा दाखला देतो, आणि मूळ विषय बाजूला राहतो. म्हणून निरोप लिहून झाला की त्यातला प्रत्येक ‘च’ शोधावा आणि तो काढूनही वाक्य खरे राहते का, ते पाहावे.

दुसरा शब्द ‘मदत’. मदत मागितली की काम मुळात आपले आहे, हे आपण स्वतः मान्य करून बसतो. शिवाय मदत करणाऱ्याला कोणीतरी काम सांगावे लागते, आणि ते सांगणे हाही कामाचा भाग असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. घरकामाच्या या न दिसणाऱ्या बाजूचे त्यांनी चार भाग केले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे सारे ठीक चालले आहे का यावर लक्ष ठेवणे. निर्णय घेताना नवरा-बायको बऱ्याच अंशी बरोबरीने असतात, पण पहिला आणि शेवटचा भाग बहुधा बायकोकडे राहतो, असे त्यांना आढळले.

मुलीच्या डब्याचेच उदाहरण घेऊ. डबा भरायला दहा मिनिटे पुरतात. परंतु जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे सोमवारच्या डब्यासाठी पाव आणि दही उरले आहे का, हे शनिवारी संध्याकाळच्या आत कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. काकडी खाल्ली नाही तर उद्या गाजर द्यायचे, किटात सुकामेवा चालत नाही, झाकणाची रबरी पट्टी सैल झाली आहे, हेही कोणाच्या तरी डोक्यात असते. पतीने फक्त दहा मिनिटांचे काम घेतले आणि बाकी सारे पत्नीच्या डोक्यात राहिले, तर तिचा थकवा फारसा उतरत नाही. म्हणून दहा कामांतला थोडाथोडा वाटा मागण्यापेक्षा दोन कामे संपूर्ण सोपवणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

याची रीत या भगिनींच्या इमारतीत कदाचित रोज डोळ्यांसमोर असेल. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन भागात येते, तिथे ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिन्याची झाडलोट त्या घराकडे असते. (आपला ‘केर’ तिथे ऐकू येतो, तो अर्थात योगायोग, जर्मनमध्ये झाडण्याचे क्रियापद ‘केरेन’ आहे.) पाटी दारावर असेपर्यंत जिना मळला आहे हे पाहणेही त्याच घराचे काम असते. शेजारी येऊन ‘झाडायला मदत करू का’ असे विचारत नाही.

हे लक्षात घेऊन निरोप असा लिहिता येईल:

“तुझ्याशी घरातल्या कामांविषयी बोलायचं आहे. पुण्यात धुणं, भांडी आणि पोळ्या मावशी करत होत्या. इथे आल्यावर कोणी काय करायचं हे आपण दोघांनी बसून ठरवलं नाही, आणि जे समोर आलं ते मी उचलत गेले. रात्री साडेदहाला डबा भरताना मी फार थकलेली असते, मग माझ्या बोलण्यात चिडचिड येते. डबा आणि कपडे धुणं ही दोन कामं तू पूर्णपणे तुझ्याकडे घेशील का? लगेच उत्तर नको. रविवारी दुपारी ती झोपली की चहा घेत बोलू या. माझ्याकडून काय बदलायला हवं आहे, तेही सांग.”

‘ही तक्रार नाही’ असे वाक्य मी मुद्दाम घातलेले नाही, कारण ते वाचताच माणूस तक्रार शोधू लागतो. सासूबाईंचा, त्यांनी लावलेल्या किंवा न लावलेल्या सवयींचा उल्लेखही नसावा. ज्या घरात पतीला ‘अहो’ म्हणतात, तिथे निरोपातही ‘अहो’ राहू द्यावे. संबोधन बदलले की पत्र वकिलाने लिहिल्यासारखे वाटते. कामांची लांब यादी सोबत जोडू नये, ती हिशेबाच्या वहीसारखी दिसते. यादी रविवारी दोघांनी मिळून करावी. निरोप शनिवारी सकाळी पाठवावा, पती कामावरून परतत असताना नको. निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही, तर दुसरा निरोप न पाठवता रविवारची वाट पाहावी.

बहुधा उत्तर येईल, “मग सांगत जा ना, काय करायचं ते.” हे प्रामाणिकपणे म्हटलेले असते, म्हणून त्यावर चिडू नये. “सांगत राहणं हेच मला जड होतं आहे, म्हणून दोन कामं पूर्ण तुझ्याकडे द्यायची आहेत,” एवढे म्हणावे. इथला ‘च’ मात्र ठेवावा, तो कोणावर रोखलेला नाही.

यानंतरचा अवघड भाग पत्नीकडे आहे. आठवड्यात तीनदा ब्रेड-चीज जाईल, पांढऱ्या सदऱ्याला एखाद्या मोज्याचा रंग लागेल. किमान अट एकच ठरवावी, जसे की डब्यात रोज एक फळ किंवा भाजी असेल, आणि बाकी सोडून द्यावे. डबा उघडून तपासला की लक्ष ठेवण्याचे काम पुन्हा आपल्याकडे आले असे समजावे.

उत्तरात धमकी आली किंवा पैसे रोखून धरले गेले, तर तो प्रश्न कामांच्या वाटणीचा राहत नाही. अशा वेळी निरोप पाठवत न बसता बाहेरच्या जाणत्या व्यक्तीशी बोलावे. तसे काही नसेल, तर चार आठवडे जाऊ द्यावेत. पहिल्या आठवड्यात “गाजर कुठे आहे?”, “आज काय देऊ?” असे किती प्रश्न आले ते लक्षात ठेवावे आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा पाहावे. प्रश्न तितकेच राहिले असतील तर काम अजून सोपवले गेलेले नाही, आणि पुढच्या रविवारी चहाला तोच विषय घ्यावा.