अनोळखी नमस्काराला किती उत्तर द्यावं?

ताई, मी ५९ वर्षांची, मिरजेत राहते. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले, मुलगा-सून पुण्याला असतात. गच्चीवरच्या बागेचे फोटो मी फेसबुकच्या एका बागकामाच्या ग्रुपवर टाकते. हल्ली अनोळखी लोकांचे नमस्कार इनबॉक्समध्ये येतात. एका गृहस्थांना साधं उत्तर दिलं, तर आता ते रोज ‘सुप्रभात, चहा झाला का?’ विचारतात. उत्तर दिलं नाही की ‘रागावलात का?’ म्हणतात. परवा एका बाईंचा मेसेज आला, ‘नमस्कार ताई, तुमची पिवळी जास्वंद पाहिली. माझ्याकडे कळ्या उमलायच्या आधीच गळतात. तुम्ही काय घालता?’ उत्तर द्यावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. सून म्हणते, सरळ सगळ्यांना ब्लॉक करा. मला ते बरं वाटत नाही. किती बोलावं?
– जास्वंदवाली, मिरज

प्रिय जास्वंदवाली ताई,

जास्वंदीच्या बाईंना उत्तर द्या आणि मनापासून द्या. चहावाल्या गृहस्थांना एकच शेवटचं उत्तर द्या आणि थांबा. दोन्ही नमस्कार अनोळखी माणसांचेच आहेत, पण बाईंनी येण्याचं कारण सोबत आणलंय. गृहस्थांच्या मेसेजात कारणच नाही, फक्त तुम्ही आहात. आलेल्या माणसाने जेवढं कारण सांगितलं, तेवढंच आपलं बोलणं, असं माप धरलंत की बराचसा गुंता सुटतो.

आधी मनातली टोचणी काढून टाकू. जो तुमच्या मित्रयादीत नाही, त्याचा मेसेज बहुतेक वेळा ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्ये येऊन थांबतो. तो तुम्ही उघडून वाचलात तरी पाठवणाऱ्याला ते कळत नाही. तुम्ही रिक्वेस्ट स्वीकारली किंवा उत्तर लिहिलं की मगच संभाषण सुरू होतं. म्हणजे वाचून, दोन दिवस विचार करून, काहीच न लिहिता सोडून देण्याची मुभा तुम्हाला आहे, आणि त्यात समोरच्याचा अपमान होत नाही. नुसत्या ‘हाय’, ‘नमस्कार’, ‘ओळखलंत का?’ला मी उत्तर देत नाही. ज्याला खरंच काम असतं तो पुढच्या ओळीत काम लिहितो.

आता त्या बाईंकडे वळू. उत्तर देण्याआधी ग्रुपमध्ये जाऊन त्यांच्या नावावर टिचकी मारा. त्या ग्रुपमध्ये त्यांनी आजवर काय टाकलंय ते तिथे दिसतं. एखाद्या कुंडीचा फोटो, कुणाला विचारलेला प्रश्न, कुणी त्यांना नावाने हाक मारून दिलेलं उत्तर, असं काही सापडलं तर ठीक. काहीच नसेल तर लगेच संशय घेऊ नका, कारण पुष्कळ बायका वर्षानुवर्षं नुसत्या वाचतात. पण मग उत्तर थोडं आखडतं द्या. ‘आपल्या ओळखीचे दहा जण त्यांच्या यादीत आहेत’ यावर मात्र विसंबू नका. ते दहा जणही असाच एक नमस्कार स्वीकारून बसलेले असू शकतात.

उत्तर असं लिहा : ‘नमस्कार. कळ्या गळण्यामागे बहुतेकदा पाण्याची अनियमितता असते, एक दिवस कोरडं आणि एक दिवस भरपूर. पानांच्या देठाशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण आहे का, तेही बघा. असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. तुमची कुंडी किती मोठी आहे आणि ऊन किती तास असतं? फोटो ग्रुपवर टाकलात तर बाकीचेही सांगतील.’

यात सगळा जिव्हाळा जास्वंदीबद्दलचा आहे. तुम्ही कुठे राहता, घरी कोण असतं, यातलं एक अक्षर नाही, आणि तरी कुणी तुम्हाला तुसडं म्हणणार नाही. शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. ज्याच्या घरी खरंच कळ्या गळतायत, तो कुंडीचं माप सांगतो, ऊन सांगतो, ‘कापूस आहे हो!’ म्हणून फोटो टाकतो. ज्याला जास्वंद नुसती दार उघडायला हवी होती, तो ‘धन्यवाद ताई. तुम्ही एकट्याच असता का?’ असं लिहितो. अर्थात या प्रश्नातून माणसाला बागेत रस आहे एवढंच कळतं, तो भला आहे हे कळत नाही. ते कळायला दिवस जावे लागतात, आणि ते दिवस ग्रुपवर, चार लोकांसमोर गेलेले बरे.

भलेपणा जोखायची माझी खूण वेगळी आहे. कुठल्यातरी छोट्या गोष्टीला नाही म्हणून बघा. त्यांनी फोन नंबर मागितला तर लिहा, ‘मी नंबर देत नाही, इथेच बोलू.’ चांगला माणूस ‘बरं’ म्हणून पुन्हा खताच्या विषयावर येतो. दुसरा रुसतो, ‘विश्वास नाही का माझ्यावर?’ विचारतो, किंवा दोन दिवसांनी तीच मागणी नव्या शब्दांत करतो. तुमच्या गृहस्थांचं ‘रागावलात का?’ याच जातीचं आहे. तुमच्या गप्प बसण्याचा जाब मागायचा त्यांना काही हक्क नाही. ते कदाचित एकटे असतील, लबाड नसतीलही. तरी त्यांचा चहा झाला की नाही, हे सांभाळणं तुमच्या वाट्याचं काम नाही.

आणि ते लबाड असतील तर? या फसवणुकीची सुरुवात पैशांपासून होत नाही, म्हणूनच शहाणी माणसंही तिच्यात अडकतात. कित्येक आठवडे नुसती विचारपूस चालते : जेवलात का, गुडघा कसा आहे, मुलगा फोन करतो का. मग बोलणं व्हॉट्सॲपवर न्यायचा आग्रह होतो. त्यानंतर कधी परदेशातून तुमच्यासाठी भेट पाठवल्याचं सांगतात आणि ‘कस्टम्समधून’ शुल्क भरण्यासाठी फोन येतो, कधी गुंतवणुकीचं एखादं ॲप दाखवतात, तर कधी अचानक आलेलं आजारपण पुढे करतात. तोवर त्या माणसाची इतकी सवय झालेली असते की नाही म्हणताना आपल्यालाच अपराधी वाटतं. पैशांचा विषय निघाला की त्याच क्षणी बोलणं थांबवा आणि सुनेला फोन करा. पैसे गेलेच असतील तर लाजेने वेळ घालवू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. अनोळखी व्हिडिओ कॉल तर उचलूच नका. समोरचा पडदा रेकॉर्ड करून नंतर धमकावणाऱ्या टोळ्या आहेत.

सूनबाईंचं ‘सगळ्यांना ब्लॉक करा’ काळजीपोटी आहे, पण मला ते पटत नाही. तुमच्या गच्चीवर जे फुलतं त्याबद्दल बोलायला तुम्हाला माणसं हवीत, आणि ती या ग्रुपवर आहेत. तीन वर्षांच्या एकटेपणानंतर ती तोडून टाकायची गरज नाही. त्यापेक्षा सूनबाईंना एक काम सांगा : पुढच्या वेळी घरी आल्या की तुमची मित्रयादी आणि फोन नंबर कुणाला दिसतात ते सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त मी’ करून द्यायचं. तुमच्या व्हॉट्सॲपचा फोटोही फक्त ओळखीच्यांनाच दिसू द्या.

गृहस्थांना एकदाच लिहा : ‘मी इनबॉक्समध्ये गप्पा मारत नाही. बागेविषयी काही असेल तर ग्रुपवर विचारा.’ माफी मागू नका, कारणही देऊ नका. त्यानंतरही सुप्रभात आलं तर ब्लॉक करा, आणि ‘रागावलात का?’ आलं तर त्याच दिवशी करा.