ऋणनिर्देशातली नावं कशी आवरावीत?

प्रश्न: बेळगावात पीएचडी करतोय. ऋणनिर्देशात ४३ नावं झालीत. कुणाला ठेवू, क्रम कसा लावू?

प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिहा: ही व्यक्ती नसती तर प्रबंधातलं नेमकं काय अडलं असतं? उत्तर सुचलं तर एक वाक्य द्या. नाही सुचलं, तर ते नाव "विभागातले सहकारी" अशा गटात जाऊ द्या.

खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्यांवर मी काम केलं. पहिल्या खर्ड्यात होतं, "सर्व ग्रामस्थांचे मनःपूर्वक आभार." ते असं बदललं: "जांबोटी भागातल्या आजींनी ओव्यांतल्या कानडी शब्दांचे अर्थ उलगडून सांगितले, त्यावर तिसरं प्रकरण उभं आहे." मग 'मनःपूर्वक'ची गरजच उरली नाही. ओव्या सांगणाऱ्या १७ जणींची नावं, त्यांना विचारून, गावांसकट परिशिष्टात दिली; त्यांना गटात ढकलणं मला पटलं नसतं.

क्रम मी असा ठेवला: आधी मार्गदर्शक, मग प्रकरणांच्या ओळीनं मदत करणारे, मग ग्रंथालय, शेवटी घर. घरच्यांबद्दलही नेमकंच लिहा. "आईनं रोज पहाटे चहा करून मला उठवलं" एवढं पुरतं. मजकूर एका पानात बसेना, तर आधी विशेषणं काढा, माणसं नंतर.