4बी म्हणजे चौथी स्टेज नव्हे

ताई, गेल्या बुधवारी उजव्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. लिंक माझ्याच मोबाइलवर येणार आहे, त्यामुळे रात्रीही तो हातातून सुटत नाही. हे म्हणतात, "चांगला विचार कर, काही नसणार." मुलीची बारावी आहे, तिच्यासमोर हसत राहते. मॅमोग्राफीच्या कागदावर 4बी लिहिलंय. त्याचा अर्थ मला कळतो, पण कुणाला बोलले नाही. मन थोडं शांत होईल असं काही सांगाल का?
— एक वाचक, सांगली

नाही हो, तो अर्थ तुम्हाला कळलेला नाही. तुम्ही 4 वाचलंत आणि चौथी स्टेज समजलात, असं मला पक्कं वाटतंय. कुणाला विचारलं असतंत तर आठवडाभराची ही एक भीती तरी वाचली असती.

मॅमोग्राफीवरून स्टेज ठरतच नाही. आधी कॅन्सर आहे हे सिद्ध व्हावं लागतं, मग गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, आजार इतरत्र गेलाय का, हे सगळं बघून स्टेज ठरते. तुमच्या कागदावरचा आकडा बायरॅड्स नावाच्या मोजपट्टीचा आहे. रेडिओलॉजिस्टला फिल्मवर जे दिसलं ते किती संशयास्पद वाटलं, एवढंच त्यातून कळतं. 4 म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासा. त्यातल्या बी गटात कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण 10 ते 50 टक्के धरतात.

हा आकडा लहान नाही, आणि मी तो लहान करून सांगणार नाही. तुम्हाला भीती वाटते ती रास्त आहे. "काही नसणार" हे तुमच्या यजमानांना कुठून कळलं? बायकोचं घाबरणं बघवत नाही म्हणून माणसं असं बोलतात, आणि मग तिला बोलायला जागाच उरत नाही.

रात्री मन धावायला लागलं की त्याला खरी माहिती द्या. सुईने काढलेले ते बारीक तुकडे आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतात, त्यालाच काही तास ते दोन-तीन दिवस जातात. मग त्यातलं पाणी काढून ते मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर घेतात, गुलाबी-जांभळे रंगवतात, आणि तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघतात. शंका आली तर आणखी वेगळे रंग लावतात, सहकाऱ्याला दाखवतात. म्हणून दहाचे बारा दिवस झाले तर त्यावरून काहीच ओळखू नका. चांगल्या निकालालाही उशीर होतो, वाईटालाही.

दोन वाजता जाग आली तर मनात एवढंच म्हणा: "मला भीती वाटतेय. निकाल माझ्या हातात नाही, आणि मी जागी राहिले म्हणून तो बदलणार नाही. तो काहीही आला तरी पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतील, आज रात्री मला काही ठरवायचं नाहीये." याने झोप लागेलच असं नाही. पण यात खोटं काही नाही, म्हणून मन त्याच्याशी भांडत बसत नाही.

आता माझं एक ऐका. ती लिंक तुम्ही एकटीने उघडायची नाही. एक आकडा एकटीने वाचलात तर ही गत झाली. हा रिपोर्ट तर शब्दाशब्दाला अवघड असतो. उद्या सकाळी लॅबला फोन करा आणि तुमच्याऐवजी डॉक्टरांकडे रिपोर्ट पाठवायला सांगा. ते जमत नसेल तर लॅबला यजमानांचा नंबर द्या, आणि रिपोर्ट आला तरी डॉक्टरांसमोर बसेपर्यंत उघडायचा नाही, असं यजमानांना बजावा. लगेच दुसरा फोन डॉक्टरांच्या दवाखान्यात करा आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन ठेवा. यजमानांना बरोबर न्या. धीर द्यायला नव्हे, डॉक्टर बोलतील ते वहीत लिहून घ्यायला. पहिल्या वाक्यानंतर तुम्हाला पुढचं ऐकू येणार नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं तरी ही भेट टाळू नका. फिल्मवर जे दिसलं आणि तुकड्यात जे सापडलं ते एकमेकांशी जुळतंय का, हे डॉक्टरांना बघावं लागतं. जुळलं नाही तर पुन्हा तुकडा काढावा लागतो, आणि हे रिपोर्टच्या त्या कागदावर लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणून जाताना मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सोनोग्राफीचे जुने कागद, सगळं एका पिशवीत घालून न्या.