पोटदुखीची सुट्टी आणि मैत्रिणीचा डबा

"मॅडम, गुरुवारी सकाळी अकराला इंटरव्ह्यूचा दुसरा राऊंड आहे. पहिल्या वेळी पोट बिघडलं म्हणून सिक लीव्ह टाकली होती. आता परत काय सांगू? आणि ऑफिसमध्ये मैत्रीण आहे, तिला सांगू का?"

हे विचारणारी मुलगी पुण्याजवळच्या एका कंपनीत अकाउंट्सला होती, सहा वर्षं एकाच टेबलावर. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) पहिल्या इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तिच्यासाठी डब्यात मऊ भात आणि ताक घेऊन आली, पोट नाजूक असेल म्हणून. ते खाताना घशाखाली उतरेना, असं सांगताना ती रडायलाच लागली. बॉसपेक्षा तो डबाच तिला जास्त लागला होता.

मी आधी तिला विचारलं, तुझ्याकडे सीएल किती शिल्लक आहेत? पाच होत्या. मग आजारी कशाला पडायचं? महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ दिवस पगारी कॅज्युअल लीव्ह आहे (कारखान्यांना तो कायदा लागू नाही, तिथले नियम वेगळे, आपलं एचआर पॉलिसीचं पान बघून घ्यायचं). ही सुट्टी स्वतःच्या कामासाठीच असते आणि इंटरव्ह्यू हे स्वतःचंच काम आहे ना. सिक लीव्हमध्ये मात्र आपण रेकॉर्डवर खोटं कारण लिहितो, उद्या कुणी सर्टिफिकेट मागितलं तर दुसरं खोटं जोडावं लागतं आणि पकडलं गेलं तर शिस्तभंगाचा विषय होतो. कारण न सांगणं वेगळं, खोटं कारण देणं वेगळं.

पण आधी एक सोपी गोष्ट करून बघ म्हटलं, समोरच्या कंपनीच्या एचआरला फोन करून वेळ बदलून माग. तिला वाटत होतं असं मागितलं तर चान्स जाईल. एचआर म्हणाली साडेनऊला चालेल, म्हणजे फक्त हाफ डे लागणार होता. मंथ एन्डही नव्हता हे बरं, कारण क्लोजिंगच्या आठवड्यात अकाउंट्सवाल्याची सुट्टी सगळ्यांच्या डोळ्यावर येते. सोमवारीच तिने गुरुवारच्या पहिल्या हाफची सीएल टाकली, कारणात "पर्सनल वर्क" एवढंच.

आता खरी अडचण कुठे होती, तर साहेब विचारणार "काय गं, काय काम?" ते आम्ही माझ्याकडे बोलून बघितलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "पर्सनल काम आहे सर... म्हणजे बँकेचं... आईला पण जरा..." बघा, खोटं कसं आलं, कुणी मागितलंच नव्हतं! समोरचा दोन सेकंद गप्प बसला की आपण ती शांतता भरायला जातो आणि तिथे बँक, आई, गावची जमीन सगळं येतं. चार-पाच वेळा केल्यावर जमलं: "पर्सनल काम आहे सर, काळजीचं काही नाही. दीडपर्यंत येते, जीएसटीचं वर्किंग बुधवारी संध्याकाळीच देऊन जाते." आणि तिथे थांबायचं. कामाची सोय सांगितली की बहुतेक साहेब पुढे विचारतच नाहीत, त्यांची काळजी तेवढीच असते.

"थेटच विचारलं, दुसरीकडे बघतेयस का, तर?" तिचे साहेब समजूतदार होते म्हणून ठरवलं, "बाहेर काय आहे ते बघत असते सर, काही ठरलं तर आधी तुम्हालाच सांगेन." हे खरं होतं. पण साहेब डूख धरणारे असतील तर हे बोलू नका, "त्याविषयी आत्ता सांगण्यासारखं काही नाही" इथेच थांबा.

मैत्रिणीचं मात्र मी थोडं वेगळं सांगितलं. तिला इंटरव्ह्यूचं सांगू नकोस, ती कुणाला सांगेल म्हणून नाही, तर साहेबांनी तिला विचारलं की तिला तुझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. तीन महिन्यांची नोटीस असलेल्या कंपनीत लेखी ऑफर हातात येईपर्यंत काहीच पक्कं नसतं, तेवढे दिवस तिने ते ओझं का वाहायचं? पण डब्याचं मनात सलत होतं, तर तेवढं बोल म्हटलं.

गुरुवारी ती नेहमीच्याच कुर्त्यात गेली, ब्लेझर बॅगेत (कपड्यांवरून पहिला संशय येतो, सांगून ठेवते). साहेबांनी फक्त "ओके" लिहिलं. दुपारी मैत्रिणीने विचारलं, "कुठे होतीस गं?" ही म्हणाली, "एक काम होतं, आत्ता नाही सांगत, ठरलं की तुला सांगेन. आणि त्या दिवशी माझं पोट नव्हतं बिघडलं, सॉरी." मैत्रीण म्हणाली, "ते कळलंच होतं मला, चार वाजता फोनवर मागे बसचा कंडक्टर ओरडत होता."